खाली बसून काढलेला फुल साइज फोटो: पाय लांब, डोकं लहान. कसा सुधारायचा?

सायली_वाई

मंडळी, ताईसाठी स्थळं बघणं सुरू आहे. बायोडाटासोबत द्यायला आईला एक फुल साइज फोटो हवा होता. मागच्या महिन्यात वाईला मामाकडे पूजा होती, ताई पैठणी नेसली होती, तेव्हा दारात उभी करून मामेभावाने फोटो काढला. 'खालून काढला की उंच दिसतं' असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. म्हणून तो उकिडवा बसला, फोन गुडघ्याच्याही खाली धरला आणि वर बघत फोटो घेतला.

आता फोटोत निऱ्या संपता संपत नाहीत. पावलं मोठी, खांदे अरुंद, डोकं एवढंसं. आई म्हणाली, "ही आपली पोरगी नाही, दसऱ्याच्या सोंगातली उंच बाई आहे." पण उजेड छान आहे आणि ताई खरंच मनापासून हसली आहे, जे ती कॅमेऱ्यासमोर कधी करत नाही. ती आता बंगलोरला परत गेली, त्यामुळे लगेच दुसरा फोटो मिळणार नाही.

फोन साधा, 1x वर. अंतर दोन-तीन पावलं, फार तर दीड मीटर. ताईची उंची 5 फूट 3 इंच. लॅपटॉपवर लाइटरूम आहे, फोनवर स्नॅपसीड. हा फोटो वाचवता येईल का?

गोट्या2

सोपा उपाय. मुलाकडचे बघायला आले की सगळ्यांना खाली सतरंजीवर बसवा. ताई पोहे घेऊन आली की अगदी फोटोसारखीच दिसेल.

वैनीसाहेब

गोट्या 😂😂

सायली, मला वाटतं काही करू नये. फोटोत उंच दिसली तर बिघडलं काय? आमच्या वेळी तर स्टुडिओवाला पाटावर उभं करायचा.

नागपुरी_संत्रा

हा वाइड लेन्सचा प्रॉब्लेम आहे जी. फोनची लेन्स वाइड असते, त्यामुळे कडेचं सगळं ताणलं जाते. पाय खालच्या कडेला आले म्हणून लांब झाले. फोटो एडिटरमध्ये कमरेखालचा भाग सिलेक्ट करायचा आणि वरच्या दिशेने थोडा दाबायचा. दोन मिनिटांचं काम. मी माझ्या साळ्याच्या फोटोत असंच केलं होतं.

तिरकस

> कमरेखालचा भाग सिलेक्ट करायचा आणि वरच्या दिशेने थोडा दाबायचा

मग साळ्याचं लग्न झालं का?

नागपुरी_संत्रा

झालं ना बाप्पा. पण त्यानं पॅन्ट घातली होती, साडी नाही.

फिल्मरोल

संत्राभाऊंचं अर्धं बरोबर आहे. कडेला ताणलं जातं हे खरं, पण मग वरच्या कडेला आलेलं डोकंही ताणलं जायला हवं होतं. ते तर लहान झालंय. म्हणजे पाय मोठे होण्याचं कारण दुसरीकडे आहे: फोन वर झुकवला होता.

सायलीने दिलेल्या आकड्यांवरच हिशेब करून पाहिला. फोन जमिनीपासून साधारण 40 सेंटिमीटरवर, ताई दीड मीटरवर, उंची 160. ती पूर्ण फ्रेममध्ये यायची तर फोन अंदाजे 12 अंश वर झुकवावा लागतो. तेवढ्याने पावलांचं प्रमाण डोक्याच्या प्रमाणापेक्षा जवळजवळ 24 टक्के मोठं होतं. उंचीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे 80 सेंटिमीटरवर, एक खूण केली तर प्रत्यक्षात वरचा आणि खालचा भाग निम्मा-निम्मा असतो. फोटोत खाली 55 आणि वर 45 पडतात. ऐकायला थोडं वाटतं, पण माणसाच्या शरीराबाबत आपला डोळा फार तिखट असतो.

यातली गंमत अशी, की फोन तेवढ्याच खाली, पण सरळ उभा धरला असता, अजिबात न झुकवता, तर हेच प्रमाण 50-50 आलं असतं. डोकं फ्रेमबाहेर गेलं असतं ते वेगळं. म्हणजे मुख्य दोष झुकण्याचा आहे आणि झुकणं नंतर सॉफ्टवेअरमध्ये उलटं करता येतं.

नुसते पाय दाबले तर उंची कमी होईल, रुंदी तशीच राहील. पावलं फेंगडी आणि निऱ्यांचा घेर घागऱ्यासारखा दिसेल. पॅन्टमध्ये ते खपून जातं.

सायली_वाई

पाय दाबून बघितले. फिल्मरोल म्हणतात तसंच झालं. खालचा काठ चपटा झाला आणि मोर बसकट दिसायला लागले.

मग झुकणं उलटं करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

शिंपी_काकू

मी घरून कुर्ते विकते, ऑनलाइन. पहिल्या वर्षी माझी भाची मॉडेल आणि पुतण्या फोटोग्राफर. पुतण्याला पण हेच खूळ, बसून फोटो काढायचा. गिऱ्हाइकं तक्रार करायची की फोटोत कुर्ता पोटरीपर्यंत दिसतो आणि प्रत्यक्षात गुडघ्याशी संपतो. परत पाठवायची. कुर्ता तोच होता, फोटो खोटा होता.

आता भिंतीशी जमिनीवर चिकटपट्टीने खूण केली आहे. तिथून 3 मीटरवर स्टँड, फोन बेंबीच्या उंचीवर, अगदी सरळ उभा, आणि 2x. तेव्हापासून लांबीची तक्रार नाही. सायली, ताईला बंगलोरला सांग, मैत्रिणीकडून असा काढून घे. साडी कुठली का असेना.

फिल्मरोल

काकूंनी सगळ्यात उपयोगी गोष्ट सांगितली. दीड मीटरवरून 1x आणि 3 मीटरवरून 2x, दोन्हीत माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा येतो. बेंबीच्या उंचीवर फोन असला की वर-खाली झुकवावाच लागत नाही. आणि समजा मामेभाऊ तसाच खाली बसला असता, पण 3 मीटरवर सरकला असता, तरी ते 24 टक्के 7 वर आले असते. तेवढं कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता आहे त्या फोटोबद्दल. सायली, दाराच्या आसपास एखादी चौकोनी किंवा गोल वस्तू आहे का? घड्याळ, स्विचबोर्ड, काहीही. आणि चौकटीच्या दोन्ही बाजू दिसतात का?

सायली_वाई

हो, चौकट पूर्ण दिसते. आणि दारावर, चौकटीच्या वरच्या बाजूला गणपतीची टाइल बसवली आहे. चौकोनीच असावी. खाली शहाबादी फरशी.

दिगंबर_काका

माझ्या नातवाचा फोटो आहे, त्यात डोकं भलं मोठं आणि पाय एकदम बारीक आलेत. मुलाने उभ्याने वरून काढला होता. नातू अडीच वर्षांचा. याला पण हाच उपाय चालेल का? डॉक्टरांना दाखवायची गरज नाही ना?

फिल्मरोल

काका, डॉक्टरांना नातू दाखवा, फोटो नको 🙂 तुमचा प्रकार हाच, फक्त उलटा. स्लायडर दुसऱ्या बाजूला सरकवायचा. लहान मुलांचं डोकं मुळातच शरीराच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे फार सुधारू नका. पुढच्या वेळी मुलाला नातवाच्या उंचीला बसायला सांगा. बसून फोटो काढणं वाईट नाही, समोरचा केवढा आहे ते बघून बसायचं.

सायली, टाइल आहे म्हणजे काम सोपं. लाइटरूममध्ये `Develop` मध्ये `Transform` उघडा. तिथे `Guided` घ्या आणि चौकटीच्या डाव्या कडेवर एक, उजव्या कडेवर एक अशा दोन उभ्या रेषा ओढा. दुसरी रेष पूर्ण झाली की फोटो आपोआप वळेल आणि चौकट सरळ उभी होईल. `Constrain Crop` आत्ता बंद ठेवा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पांढरे त्रिकोण दिसतील, ते दिसू देत.

मग टाइल बघा. चौकोनी दिसली नाही तर `Aspect` स्लायडर सरकवून ती चौकोनी करा. नजरेवर विसंबू नका, स्क्रीनवर पट्टी लावून रुंदी आणि उंची मोजा. मोजमाप जुळलं की ताईचे पाय आणि धड बघा. ते जवळजवळ बरोबर झालेलं असेल. मग चेहरा बघा आणि इथे येऊन सांगा काय दिसतं.

आर्किटेक्ट_बाई

छान पद्धत. आम्ही इमारतींच्या फोटोंना रोज हेच करतो. एक जोडते: दार ताईच्या मागे आहे, पण त्याने फरक पडत नाही. उभ्या रेषा समांतर झाल्या की फोनचं झुकणं पूर्ण निघालं, मग त्या रेषा पुढच्या असोत की मागच्या. फक्त चौकट खरंच ओळंब्यात हवी. वाईच्या जुन्या घरांत तेवढी खात्री बाळगू नका.

तिरकस

मामाच्या घराची चौकट वाकडी आहे असं जाहीरपणे म्हटल्याबद्दल सोयरीक मोडू शकते.

पैठणीवाली

टाइल कशाला हवी? साडीचा काठच मोजपट्टी आहे की! खाली पावलाजवळचा काठ आणि खांद्यावरचा काठ, दोन्ही सारखेच रुंद असणार. फोटोत दोन्ही मोजायचे आणि सारखे होईपर्यंत सरकवायचं.

शिंपी_काकू

कल्पना भारी, पण जमणार नाही गं. पुष्कळ पैठण्यांना खालचा काठ मोठा आणि वरचा लहान असतो. शिवाय खांद्यावर पदराच्या चुण्या घातल्या की काठ तिरका पडतो, थोडा दुमडला जातो. मोजायचा कुठे?

पैठणीवाली

बरोबर. माझ्या दोन्ही पैठण्यांचे काठ दोन्हीकडे सारखेच आहेत म्हणून तसं वाटलं. पण चुण्यांचा मुद्दा मान्य.

सायली_वाई

केलं! चौकट सरळ झाली. टाइल उभट दिसत होती, `Aspect` ने चौकोनी केली, पट्टीने मोजून. पाय एकदम नॉर्मल. निऱ्या जागेवर आल्या. आईने लांबून बघून "हां, आता बरी" म्हटलं.

मग चष्मा लावला आणि म्हणाली, "हिचा चेहरा काकडीसारखा का झालाय?"

खरंच लांबुळका झालाय. कपाळ आणि अंबाडा वर ओढल्यासारखा. टाइल तर चौकोनी आहे, मग चेहरा कसा लांब?

फिल्मरोल

हेच अपेक्षित होतं.

टाइल सपाट आहे आणि भिंतीला चिकटलेली आहे. झुकणं काढल्यावर भिंतीच्या पातळीतलं सगळं आपल्या खऱ्या आकारात येतं. ताईचं शरीर ढोबळमानाने त्याच दिशेत उभं आहे म्हणून पाय आणि धडाचं माप जुळलं. डोकं मात्र गोल आहे. गोल वस्तू कॅमेऱ्याच्या मधल्या रेषेपासून जितकी दूर, तितकी ती बाहेरच्या दिशेने ताणलेली दिसते. संत्राभाऊ कडेच्या ताणाबद्दल म्हणत होते ते इथे लागू पडतं.

तुमच्या फोटोत मूळ चित्रात डोकं मधल्या रेषेपासून 27 अंशांवर होतं. तिथेही ते साधारण 12 टक्के ताणलेलं होतं, पण एकूणच लहान झाल्यामुळे जाणवलं नाही. झुकणं पूर्ण काढलं म्हणजे फोन सरळ समोर धरल्यासारखं झालं आणि डोकं गेलं 39 अंशांच्या आसपास. ताण झाला 28 टक्के. म्हणून काकडी.

म्हणजे पाय सुधारले की चेहरा बिघडतो आणि चेहरा जपला की पाय लांब राहतात. दीड मीटरवरून खाली बसून काढलेल्या फोटोत दोन्ही एका स्लायडरने साधत नाही. मी स्वतः मध्येच थांबतो. `Guided` तसंच ठेवा आणि `Vertical` स्लायडर अधिकच्या बाजूला हळूहळू नेऊन थोडं झुकणं परत आणा. निम्मं परत आणलंत तर चेहऱ्याचा ताण 19 टक्क्यांच्या आसपास येईल. आकडा पाठ करू नका, चेहऱ्याकडे बघत सरकवा.

आर्किटेक्ट_बाई

निम्म्यावर थांबायला माझा विरोध आहे. चौकट अर्धवट झुकलेली राहते आणि डोळ्याला सतत टोचते. एकतर पूर्ण झुकलेली ठेवा, म्हणजे मुद्दाम काढलाय असं वाटतं, नाहीतर पूर्ण सरळ करा.

फिल्मरोल

इमारतीचा फोटो असता तर मान्य. पण मुलाकडचे चौकट बघणार आहेत का?

आर्किटेक्ट_बाई

मुलगा आर्किटेक्ट असेल तर?

गोट्या2

मग तो आधी टाइलचा ब्रँड विचारेल.

जर्सीकर

इथे रात्रीचे दोन वाजलेत, तरी राहवत नाही म्हणून लिहितोय. पूर्ण सरळ करून चेहराही सुधारता येतो. डीएक्सओ व्ह्यूपॉइंट नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात कडेला आलेल्या माणसांची ताणलेली डोकी आणि शरीरं परत गोल करायची वेगळी सोय आहे. ग्रुप फोटोत कडेला उभा राहणारा काका नेहमी जाडा दिसतो ना, त्याच्यासाठी मी वापरतो. तो काका मीच.

फिल्मरोल

ते चांगलं आहे, मी वापरलंय. पण ते सबंध चित्रावर काम करतं, त्यामुळे डोकं गोल होताना चौकटीच्या रेषा थोड्या वाकतात. साधी भिंत असेल तर कळत नाही. इथे दार आहे. आणि एका फोटोसाठी सॉफ्टवेअर विकत घेणं मला पटत नाही.

जर्सीकर

चाचणी आवृत्ती फुकट मिळते. बाकी मुद्दा मान्य, रेषा वाकतात. पण दीड मीटरवरच्या फोटोत काहीतरी वाकणारच. चौकट वाकलेली परवडली, चेहरा नको.

स्मिता_ठाणे

स्नॅपसीडमध्ये हे सगळं फोनवरच होतं, एवढा खटाटोप कशाला? `Perspective` मध्ये `Tilt` घ्यायचं आणि बोट वर-खाली सरकवायचं. वर `Head Pose` म्हणून एक टूल पण आहे, त्याने हनुवटी खाली आणता येते. मी सगळ्यांचे फोटो असेच करते.

तिरकस

`Head Pose` जरा जास्त ओढलं की माणूस मेणाचा होतो. आमच्या एका नातेवाइकांच्या एकसष्टीच्या फोटोत कोणीतरी ते वापरलं होतं. काका चौकात बसवलेल्या अर्धपुतळ्यासारखे दिसत होते.

फिल्मरोल

स्मिता, `Tilt` चालेल, पण तिथे चौकटीवर रेषा ओढून सरळ करता येत नाही, सगळं बोटाच्या अंदाजाने करावं लागतं. थोडंसंच झुकलेलं असेल तर स्नॅपसीड पुरतं. आयफोनवर फोटो क्रॉप करताना उभ्या दिशेचा जो स्लायडर येतो, त्याचंही तेच. इथे 12 अंश आहेत.

आणि हनुवटीबद्दल: खालून पाहिलेलं खालूनच पाहिलेलं राहतं. नाकपुड्या दिसतात, हनुवटीची खालची बाजू दिसते, पापण्यांची वरची बाजू दिसत नाही. झुकणं काढल्याने कॅमेरा गुडघ्याजवळून उठून चेहऱ्यासमोर येत नाही. जे फोटोत आलंच नाही ते कुठून आणणार? म्हणून असल्या फोटोत नाकपुड्या डोळ्यात भरत असतील तर मी सरळ दुसरा फोटो काढा म्हणतो. सायली, चेहरा थोडा खाली झुकलेला आहे का?

सायली_वाई

हो, ती मामेभावाकडे खाली बघून हसते आहे. तो काहीतरी वेडंवाकडं बोलला असणार. त्यामुळे नाकपुड्या फार दिसत नाहीत.

फिल्मरोल

मग नशीबवान आहात. मान खाली असल्यामुळे खालून बघण्याचा परिणाम बराचसा आपोआप कमी झालाय.

आता शेवटची पायरी, हवी असेल तर. निम्म्यावर थांबून पाय नॉर्मलच्या जवळ आलेत, पण डोकं शरीराच्या मानाने अजून लहान आणि थोडं उभट आहे. बहुतेक जण डोकं उभं दाबतात. तसं केलं की मूळ डोक्याचा वरचा भाग मागून डोकावतो आणि तो पुसत बसावं लागतं. त्यापेक्षा डोकं आडवं रुंद करा. उभटपणाही कमी होतो, डोकं मोठंही होतं आणि रुंद केलेलं डोकं जुन्याला पूर्ण झाकतं.

जिंपमध्ये (फुकट आहे) डोकं कानांसकट आणि अंबाड्यासकट जबड्यापर्यंत सिलेक्ट करा, कडा मऊ ठेवा, नव्या लेयरवर कॉपी करा आणि फक्त रुंदी 106 ते 107 टक्के करा. उंचीला हात लावायचा नाही. दोन्हीकडे सारखी वाढेल असं बघा, नाहीतर चेहरा मानेवरून सरकतो. मग मास्कवर मऊ ब्रशने जबड्याखालचा जोड पुसा, म्हणजे मान मूळचीच राहील. मान रुंद झाली की माणूस पैलवान दिसतो. मागे दाराच्या फळ्या असतील तर कानांच्या बाहेरच्या बाजूला फळीची रेष तुटली आहे का ते 100 टक्क्यांवर बघा. चोरी पकडली जाते ती तिथेच.

पैठणीवाली

आणि नथ? ती पण रुंद होईल ना?

फिल्मरोल

होईल, पण 6 टक्के कळत नाहीत. झुमके मात्र बघावे लागतात. लोंबता झुमका अर्धा सिलेक्शनमध्ये आणि अर्धा बाहेर राहिला तर मधोमध तुटतो. पूर्ण आत घ्या.

वैनीसाहेब

हे सगळं वाचून मला एक प्रश्न पडला. मुलीचा फोटो एवढा बदलून बायोडाटात लावणं म्हणजे फसवणूक नाही का? आधी मीच म्हटलं होतं उंच दिसली तर काय बिघडलं, पण आता डोकं रुंद करणं वगैरे ऐकून कसंतरी वाटतंय.

आर्किटेक्ट_बाई

उलट आहे वहिनी. फसवा तर मूळचा फोटो होता. 5 फूट 3 इंचाची मुलगी पावणेसहा फुटांची वाटत होती. हे सगळं करून ती पुन्हा 5 फूट 3 होते आहे.

तिरकस

मला नाही पटत. झुकणं काढणं ठीक, कारण ते फोनने घातलं. डोकं हाताने रुंद करणं म्हणजे "ही अशी दिसायला हवी" हे तुम्ही ठरवलं. आज 6 टक्के डोकं, उद्या 6 टक्के कंबर. रेष कुठे मारायची?

फिल्मरोल

रास्त प्रश्न. मी ताईचा दुसरा, साधा फोटो शेजारी ठेवून काम करतो. समोरून, लांबून काढलेला कुठलाही चालेल, ऑफिसच्या सहलीचासुद्धा. त्यात चेहऱ्याची रुंदी आणि उंची मोजायची, शिवाय डोक्याच्या किती पट शरीर ते मोजायचं. मोठ्या माणसाचं शरीर साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढं असतं, पण माणसागणिक फरक असतो, म्हणून तिचाच फोटो हवा. तिच्या मापाला पोचलं की थांबायचं. त्यापुढे गेलं तर तुमचं म्हणणं बरोबर.

तिरकस

हे चालेल. पण कंबरेच्या बाबतीत कोणी थांबत नाही, हे मी स्टुडिओत काम केलंय म्हणून सांगतो.

नागपुरी_संत्रा

साळ्याचं डोकं पण मोजून बघतो आता.

सायली_वाई

अपडेट. `Vertical` निम्म्याच्या थोडं पुढे नेलं, तिथे ताईचा चेहरा तिच्या कंपनीच्या सहलीच्या फोटोशी जवळजवळ जुळला. डोकं फक्त 4 टक्के रुंद करावं लागलं. झुमके पूर्ण आत घेतले. चौकट किंचित झुकलेली आहे, आर्किटेक्ट बाईंची माफी मागते. आईने व्हॉट्सअॅपवर ताईला पाठवला, ताईचं उत्तर आलं, "मी एवढी बुटकी आहे का?"

एक अडचण राहिली. खालच्या कोपऱ्यांतले पांढरे त्रिकोण. क्रॉप करायला गेले तर खालचा त्रिकोण कापताना ताईची बोटं कापली जातात, कारण मूळ फोटोतच पावलं अगदी तळाला होती. काय करू?

फिल्मरोल

खालून कापू नका, बाजूंनी कापा. त्रिकोण कोपऱ्यांत रुंद आणि मध्याकडे निमुळते असतात, पावलं मध्यावर आहेत. दोन्ही बाजूंनी थोडं आत आलात की त्रिकोणाचा बराचसा भाग निघून जातो. उभ्या माणसाला अरुंद फ्रेम शोभतेच.

उरलेल्या तुकड्यात फरशी भरावी लागेल. जिंपच्या `Clone` ने शेजारची शहाबादी उचला, पण सांध्याच्या रेषेवरून सुरुवात करा, म्हणजे सांधा सलग पुढे जाईल. आधी सांधा, मग मधली फरशी. शहाबादीचा रंग फरशीगणिक बदलतो, त्यामुळे थोडं कमीजास्त झालेलं खपतं. चकचकीत टाइल असत्या तर प्रतिबिंबं जुळवता जुळवता नाकीनऊ आले असते.

आणि बोटांच्या खाली निदान बोटभर जागा राहू द्या. पावलं फ्रेमच्या कडेला टेकली की पाय पुन्हा लांब वाटायला लागतात, माप बरोबर असलं तरी.

दिगंबर_काका

नातवाचा फोटो स्लायडर उलटा फिरवून बघितला. पाय आले. डोकं अजून मोठंच आहे. सूनबाई म्हणते ते तुमच्याकडून आलंय.

स्मिता_ठाणे

एक विचारते. दोघांचा फोटो असेल आणि एक जण पुढे, एक मागे उभा असेल तर? आमच्या साखरपुड्याचा असाच आहे, फोटोवाल्याने जमिनीवर लोळून काढलेला. नवरा पुढे, मी मागे. त्याची चप्पलच पहिली दिसते.

फिल्मरोल

झुकणं दोघांचं एकदमच निघेल, ते एका फोनचं एकच झुकणं आहे. पण तो पुढे असल्यामुळे जो मोठा आलाय तो मोठाच राहील, त्यावर हा उपाय नाही. चप्पल कॅमेऱ्याच्या दिशेने पुढे आली असेल तर तीही तशीच राहणार. ती वेगळी कापून लहान करावी लागेल आणि सावलीसकट करावी लागेल, हे विसरू नका.

स्मिता_ठाणे

सावली राहू दे. फोटोतून चप्पलच काढते.

गोट्या2

नवरा अनवाणी?

स्मिता_ठाणे

देवळातच होतो हो आम्ही. तिथे चप्पल घालून उभा होता हेच मुळात सासूबाईंना खटकलं होतं.